रविवारच्या गर्दीत तापलेला ग्राइंडर आणि पळणारे शॉट

*«कोथरूडला आमचा छोटा कॅफे आहे. ६४ एमएम फ्लॅट बरचा, १४०० आरपीएमचा, टाइमरवाला ग्राइंडर. रविवारी टेकडीवरून उतरलेल्यांची गर्दी झाली की दहानंतर शॉट धो-धो पळतात, चव आंबट आणि पोकळ लागते. आम्ही ग्राइंड बारीक करत जातो, तर दुपारी तोच ग्राइंडर मशीन चोक करतो. डीलर म्हणतो, जास्त आरपीएममुळे कॉफी जळते, कमी आरपीएमचा मोठा ग्राइंडर घ्या. घ्यावा का?»*

आत्ता लगेच घेऊ नका. आधी एका रविवारी प्रत्येक डोस वजन करून बघा. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून माझा कयास असा, की बिघाडाचा मोठा भाग डोस कमी पडण्यात आहे, उरलेला तापण्यात. दुपारचं चोक होणं मात्र ग्राइंडरचं पाप नाही. सकाळभर या दोन्ही गोष्टींवर एकच इलाज केला, दळण बारीक-भरड करायची कॉलर फिरवली, त्याचं ते व्याज आहे.

‘कॉफी जळते’ हे आधी डोक्यातून काढा. तुमचे बीन्स रोस्टरकडे २०० अंशांच्या वर जाऊन आलेले असतात. ग्राइंडरमधून अगदी भर गर्दीत बाहेर पडणारी पावडर ४५-५० अंशांच्या आसपास असते, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात तुम्ही तिच्यावर ९३ अंशांचं पाणी सोडणार असता. यात जळण्यासारखं काही घडत नाही. चव बदलते हे खरं आहे, पण वेगळ्या वाटेने.

आता आरपीएम. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची. तुमच्या ग्राइंडरमध्ये बहुतेक चार पोलची इंडक्शन मोटर आहे. तिचा बिनलोडचा हिशेबी वेग १५०० येतो आणि प्रत्यक्षात ती थोडी मागे राहून १४००च्या आसपास फिरते. तीच मोटर अमेरिकेत ६० हर्ट्‌झवर साधारण पाचवा हिस्सा जोरात फिरते. म्हणून तिकडच्या व्हिडिओत बघून ‘अमुक सेकंदांत अठरा ग्रॅम’ असे आकडे उचलू नका, ते इथे लागू पडत नाहीत. दुसरं म्हणजे नुसत्या आरपीएमवरून काही कळत नाही. बरची, म्हणजे दळणाऱ्या दातेरी चकतीची, कड किती वेगाने धावते ते बघायला हवं. ६४ एमएमच्या बरची कड १४०० आरपीएमला सेकंदाला पावणेपाच मीटरच्या आसपास जाते. ९८ एमएम बरचा ईके ४३ नावाचा ग्राइंडर आपल्याकडे तेवढ्याच आरपीएमला फिरतो, म्हणजे त्याची कड सेकंदाला सात मीटरच्या वर. २०१३च्या जागतिक बरिस्टा स्पर्धेत मॅट पर्जरने त्याच ग्राइंडरवर एस्प्रेसो दिला आणि त्यानंतर जगभरच्या काउंटरवर तो दिसायला लागला, तो चवीच्या स्वच्छपणासाठी. वेग हाच मुख्य गुन्हेगार असता तर हे घडलं नसतं.

मग तापतं कशामुळे? ढोबळ हिशेब मांडून बघू. दळताना मोटरकडून बरला २५० वॉट ताकद मिळते असं धरा आणि १८ ग्रॅमला ५ सेकंद लागतात असं धरा. म्हणजे एका शॉटमागे सव्वा हजार ज्यूल ऊर्जा. बीन फोडायला त्यातली फार थोडी खर्च होते, बाकी जवळजवळ सगळी उष्णता बनते. एवढी सगळी उष्णता फक्त त्या १८ ग्रॅम पावडरीत गेली असती तर ती चाळीस अंशांच्या आसपास तापली असती. पण सकाळच्या पहिल्या शॉटची पावडर हाताला जेमतेम कोमट लागते, कारण बर, त्याचा कॅरियर आणि खालची बॉडी थंडगार असते आणि ते लोखंड-अ‍ॅल्युमिनियम बरीच उष्णता शोषून घेतं.

खरी मेख इथे आहे. प्रत्येक शॉटमागे तयार होणारी उष्णता दिवसभर जवळपास तेवढीच असते. बदलते ती धातूची शोषून घेण्याची ऐपत. मिनिटाला एक शॉट या गतीने दोन तास दळलंत, तर आत सरासरी वीसेक वॉटचा हीटर सतत चालू ठेवल्यासारखं होतं. शिवाय मोटरची स्वतःची उष्णता खालून वर येत असते, ती वेगळीच. हळूहळू बर तापतो, मग कॅरियर, मग बॉडी. थंड धातू उरला नाही की उष्णता पावडरीतच राहते. गिरणीतून गर्दीच्या वेळी दळून आणलेलं ज्वारीचं पीठ डब्यात हात घातल्यावर कसं चटका देतं, आणि सकाळी पहिला नंबर लावला तर कोमटच मिळतं, तसाच हा प्रकार.

या हिशेबात आरपीएम कुठे येतो ते बघा. तोच शॉट ४०० आरपीएमच्या, शंकूसारख्या बरच्या मोठ्या कॉनिकल ग्राइंडरवर दळला तर दर सेकंदाला उष्णता कमी तयार होते, पण अठरा ग्रॅम फोडायचं काम काही टळत नाही. घासणं थोडं कमी होतं, पावडर कडांमध्ये पुन्हा पुन्हा चेचली जाणं थोडं कमी होतं, त्यामुळे काही बचत होते हे मान्य. पण डीलर सुचवतोय तशी जादू नाही. मोठ्या ग्राइंडरचा खरा फायदा असतो तो धातूचं वजन जास्त असण्याचा. तापायलाच त्याला वेळ लागतो. तुमच्या गर्दीचं गणित ‘तासाला किती शॉट’ यावर चालतं, आणि मोटर हळू फिरली तरी तासाचे साठ शॉट साठच राहतात.

आता तापल्याने दळण कसं बदलतं. इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली गोष्ट धातूची. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. तुमच्यासारख्या ग्राइंडरमध्ये खालचा बर स्टीलच्या शाफ्टवर बसतो आणि वरचा बर अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत अडकवलेल्या कॉलरवर. गर्दीच्या सुरुवातीला शाफ्ट आणि खालचा बर आधी तापतात, बॉडी अजून गार असते. त्यामुळे दोन बरमधली फट किंचित कमी होते, दळण किंचित बारीक येतं. तासाभराने बॉडीही तापते, ती जास्त फुगते आणि वरचा बर वर उचलला जातो. आता फट वाढते, दळण भरड येतं. पन्नास मिलिमीटरची उंची आणि वीस अंशांची वाढ धरली तर दोन धातूंच्या फुगण्यातला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढा निघतो. ऐकायला काहीच नाही. पण कॉलरचा थ्रेड दीड मिलिमीटर पिचचा असेल, तर कॉलरच्या कडेवर हे साधारण दोन मिलिमीटर फिरवण्याएवढं होतं, आणि दोन मिलिमीटरने शॉटचे किती सेकंद बदलतात हे तुम्हाला मी सांगायला नको. ग्राइंडरची रचना वेगळी असेल तर दिशाही वेगळी येते. म्हणून कोणी ‘गरम झाला की भरडच दळतो’ किंवा ‘बारीकच दळतो’ असं छातीठोक सांगितलं, तर त्याचा ग्राइंडर कोणता ते आधी विचारा.

दुसरी गोष्ट बीनची. थंड बीन कडक आणि ठिसूळ असतो, गरम बीन जरा लवचीक. २०१६ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’ या नियतकालिकात यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बीन्स खोलीच्या तापमानाला, फ्रीझरच्या उणे १९ अंशांना, कोरड्या बर्फात आणि द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांपर्यंत थंड करून दळले होते. जितके थंड तितकं दळण बारीक आणि एकसारखं आलं. ते मोजमाप थंडीच्या दिशेने होतं, पण काउंटरवर उलट्या दिशेचा अनुभव त्याच्याशी जुळतो. बीन गरम झाला की त्याच कॉलरवर दळण थोडं भरड आणि थोडं असमान येतं.

यातला एक बारकावा बहुतेक जण सोडून देतात. सगळ्यात जास्त तापतात ते वरच्या बीन्सच्या भांड्याच्या, म्हणजे हॉपरच्या गळ्यात, बरच्या अगदी वर थांबलेले मूठभर बीन्स. गर्दी चालू असताना ते पटापट खाली जातात, तापायला त्यांना वेळच मिळत नाही. पण साडेअकराला गर्दी ओसरली, तुम्ही कप धुवायला वळलात आणि ग्राइंडर दहा मिनिटं नुसता उभा राहिला, की खालची सगळी उष्णता त्या मूठभर बीन्समध्ये चढत राहते. त्यानंतरचा पहिला शॉट दिवसातला सगळ्यात विचित्र शॉट असतो. गिऱ्हाईक नेमका त्यावरूनच तुम्हाला जोखतो, कारण आता निवांत वेळ असतो आणि तो काळी कॉफी मागतो. अशा विश्रांतीनंतर निदान एक डोस दळून बाजूला काढा. पावडर जिथून बाहेर पडते त्या चुटमध्ये अडकलेली जुनी पावडरही त्याबरोबर निघून जाते.

आता चवीबद्दल, कारण तुम्ही ‘आंबट आणि पोकळ’ म्हणालात आणि हा शब्दप्रयोग निदानासाठी फार कामाचा आहे. नुसती उष्णता वाढली आणि डोस, वजन, वेळ सगळं जागेवर राहिलं, तर चव आंबट होत नाही. ती उलट कडवट, कोरडी, सुवास बसल्यासारखी होते. कारण साधं आहे. सकाळची पावडर ३० अंशांची आणि दहानंतरची ४६ची असेल, तर शॉटमध्ये वापरलं जाणारं पन्नास-साठ ग्रॅम पाणी आणि ही पावडर मिळून पकचं, म्हणजे बास्केटमध्ये दाबलेल्या कॉफीच्या थराचं, सरासरी तापमान दोनेक अंशांनी वर जातं. मशीनवर ९३ चं ९५ केल्यावर जे होतं, तेच इथे मशीनला हात न लावता होतं. शिवाय गरम पावडरीतून सुवास आणि कार्बन डायऑक्साइड लवकर उडून जातात. पोर्टाफिल्टर भरून काउंटरवर ठेवायची सवय असेल तर हे लगेच जाणवतं, तडक लावला तर फार नाही.

तुमची चव आंबट-पोकळ आहे आणि शॉट पळतोय. म्हणजे पाणी कॉफीत पुरेसं थांबत नाहीये. मला म्हणून तापमानाआधी डोसवर संशय आहे.

याचं एक उदाहरण सांगतो. सेनापती बापट रस्त्याजवळच्या एका कॅफेत हीच तक्रार होती. उन्हाळ्याचे दिवस, रविवार, वेताळ टेकडीवरून उतरलेली मंडळी. ग्राइंडर तुमच्याच जातीचा. कृती १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर, २८ सेकंद. टाइमर ५ सेकंदांवर. बरिस्टा पोरगा हुशार होता, पण गर्दीत वजनकाटा बाजूला सरकवून ठेवायचा. म्हणाला, ‘सर, टाइमर आहे ना, रोज तेवढाच डोस पडतो.’

आठ वाजता डोस १८.१ ग्रॅम आला, शॉट २८ सेकंदांत. इन्फ्रारेड थर्मामीटर बास्केटमधल्या पावडरीवर धरला, ३१ अंश. हे उपकरण चकचकीत धातूवर धरू नका, बरवर किंवा बॉडीवर ते खोटं सांगतं. पावडरीवर मात्र बरंच खरं असतं.

सव्वादहाला त्याच पाच सेकंदांत १७ ग्रॅमच पडले. शॉट २१ सेकंदांत. पावडर ४७ अंश. पोराचा हात सवयीने कॉलरकडे गेला, त्याला थांबवलं. हॉपर बघितला तर तळाला आलेला, गळ्याच्या वर जेमतेम दोन बोटं बीन्स. सकाळी तो काठोकाठ भरलेला होता. वरच्या बीन्सचं वजन खालच्यांना बरमध्ये ढकलतं, ते वजन गेलं की बरमध्ये बीन्स सावकाश शिरतात आणि टाइमरच्या पाच सेकंदांत कमी पडतात. हॉपर भरला. डोस साडेसतरावर आला. म्हणजे गेलेल्या १.१ ग्रॅमपैकी जवळपास निम्मा नुसता हॉपर रिकामा असण्याचा होता, त्याचा उष्णतेशी संबंध नव्हता.

उरलेला अर्धा ग्रॅम तापण्याचा. गरम, तेलकट पावडर चुटमध्ये आणि गळ्यात जास्त चिकटत होती. ब्रश फिरवला तर ओलसर खपल्या निघाल्या. टाइमर ५ वरून ५.१५ केला, डोस १८ वर आला आणि शॉट २५ सेकंदांवर. कॉलरला अजून हात लावलेला नव्हता. सातपैकी चार सेकंद डोसनेच परत मिळवून दिले. राहिलेल्या तीन सेकंदांसाठी कॉलर अगदी किंचित, मिलिमीटर-दीड मिलिमीटर बारीक केली आणि २८ आले. चव सकाळच्या शॉटच्या जवळ गेली. तंतोतंत तीच नाही, थोडी जाड आणि सुवासाला थोडी कमी. तो फरक पकच्या दोन अंशांचा, तो कॉलरने जात नाही.

आता तो पोरगा रोज काय करत होता ते बघा. सगळे सात सेकंद तो एकट्या कॉलरने भरून काढायचा. म्हणजे १७ ग्रॅमच्या डोसला २८ सेकंद लागतील इतकं बारीक. मग बाराला कोणीतरी हॉपर भरायचं, डोस वाढायचा. दोनपर्यंत ग्राइंडर गार व्हायचा, फट पुन्हा मिटायची. वाढलेला डोस, मिटलेली फट आणि सकाळी फिरवलेली कॉलर, तिन्ही एकाच दिशेला. शॉट चाळीस सेकंदांच्या पुढे, थेंब थेंब. तुमची दुपार हीच असावी असं मला वाटतं.

तेव्हा येत्या रविवारी असं करा. वजनकाटा ड्रिपट्रेजवळ कायमचा ठेवा आणि प्रत्येक डोस मोजा. गर्दीत नाही जमत म्हणू नका, दोन सेकंदांचं काम आहे. हॉपर एका खुणेच्या खाली जाऊ द्यायचा नाही, बाहेरून मार्करने रेघ मारा आणि थोडे थोडे बीन्स भरत राहा. हॉपर काठोकाठही नको, बीन्स तिथे दुपारपर्यंत पडून राहतात. ग्राइंडर मशीनला चिकटून असेल तर हातभर लांब सरकवा. वर तापणाऱ्या कपांची आणि वाफेच्या नळीची ऊब त्याला फुकटची मिळत असते. शॉट हलला की आधी डोस बघायचा, तो टाइमरने दुरुस्त करायचा, आणि १८ ग्रॅम असूनही शॉट चुकतोय असं दिसलं तरच कॉलर. कॉलर फिरवली की किती फिरवली ते पेन्सिलने टिपून ठेवा. साडेबारानंतर, ग्राइंडर गार व्हायला लागला की, तेवढीच उलट फिरवायची असते, हे लक्षात राहत नाही म्हणून टिपायचं.

कॉलर बदलल्यावर पुढचा शॉट लगेच खरा मानू नका. आत तीन-चार ग्रॅम जुन्या दळणाची पावडर अडकलेली असते, ती आधी काढून टाका. बीन्स किलोला १,२०० रुपयांनी पडत असतील तर हे चार ग्रॅम म्हणजे पाच रुपये. एक परत आलेला कॅपुचिनो याहून महाग पडतो.

पहिल्या शॉटचाही प्रश्न आहे. डिसेंबरात सकाळी सातला पुण्यात दुकानात बारा-पंधरा अंश असतात आणि ग्राइंडरही तेवढाच गार. त्या गार ग्राइंडरवर डायल-इन, म्हणजे दिवसाचं सेटिंग जुळवणं, केलंत तर ते आठच्या आत शिळं होतं. डायल-इन करण्याआधी दोन-तीन डोस दळून टाका, आदल्या दिवशीचे उरलेले बीन्स त्यासाठी ठेवा, म्हणजे बर कामाच्या तापमानाच्या जरा जवळ येतो. काही महागडे ग्राइंडर हेच काम हीटर आणि पंखा लावून करतात. दळणाची खोली सकाळीच कोमट करून ठेवायची आणि गर्दीत पंख्याने तिथेच धरायची. गार ठेवण्यापेक्षा एकसारखं ठेवण्यावर त्यांचा भर असतो, आणि मला तो विचार पटतो. मेमध्ये दुकान ३४ अंशांवर असताना ग्राइंडर २५ वर ठेवायच्या नादी लागण्यात काही अर्थ नाही.

हे सगळं करूनही ग्राइंडर जास्तच तापत असेल, म्हणजे गर्दी फार नसतानाही पावडर पन्नास अंशांच्या वर जात असेल, तर दोन गोष्टी तपासा.

एक, बर बोथट झालाय का. बोथट बर कापत नाही, चेचतो, आणि चेचण्यात उष्णता जास्त. रोज नव्वद डबल शॉट म्हणजे दिवसाला दीड किलोच्या वर, महिन्याला पन्नास किलोच्या आसपास. ६४ एमएमचा साधा स्टीलचा बर काही शे किलोंनंतर थकतो, म्हणजे तुमच्या गर्दीला वर्षाच्या आत बदलायची वेळ येऊ शकते. ओळखायची खूण अशी, की त्याच डोसला टाइमर महिन्या-महिन्याने वाढवावा लागतो, पावडरीच्या गुठळ्या जास्त पडतात आणि बर उघडून कडेवर नख फिरवलं तर नख अडकत नाही, घसरतं. प्लग काढल्याशिवाय बर उघडू नका, हे सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट मोटर आणि वीज. इंडक्शन मोटरचा वेग हर्ट्‌झवर ठरतो, त्यामुळे व्होल्टेज पडलं तरी आरपीएममध्ये फार फरक दिसत नाही आणि लोक फसतात. पण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० चे २०५ झाले तर ताकदीचा पाचवा हिस्सा गेला. मग तेच काम करायला मोटर जास्त करंट ओढते, जास्त तापते आणि ती ऊब शाफ्टमधून थेट बरमध्ये. दर शॉटला चालू-बंद होणाऱ्या मोटरला चालू होतानाचा धक्काही मोठा असतो, तिथे करंट चालू करंटच्या कित्येक पट जातो. गर्दीत एसी, फ्रीज आणि एस्प्रेसो मशीन एकाच लाइनवर असतील आणि ग्राइंडर एक्स्टेन्शन बोर्डावर, तर साध्या मीटरने मोटर चालू होताना व्होल्टेज किती खाली बसतं ते बघून घ्या. मोटर सुरू होताना आधी घुमल्यासारखा आवाज करून मग वेग पकडत असेल तर कपॅसिटर कमजोर झालेला असतो. तो बदलायला काही फार लागत नाही, आणि बदलला नाही तर मोटर जळण्यापर्यंत जातं.

एवढ्यानेही भागलं नाही, तर मी मोठ्या ग्राइंडरच्या आधी दुसऱ्या ग्राइंडरचा विचार करेन. तुमच्याकडचाच किंवा त्याच तोडीचा सेकंडहँड एक. दुधाच्या कॉफीसाठी एक आणि काळ्यासाठी दुसरा अशी विभागणी केली की प्रत्येकावरचा भार उतरतो आणि तापण्याचा प्रश्न बराचसा आपोआप मिटतो. एक बिघडला तर दुकान बंद ठेवावं लागत नाही, हा वरचा फायदा. दुधाच्या कॉफीत पकचे दोन अंश कोणाला कळत नाहीत, म्हणून गर्दीचा मुख्य मार त्या ग्राइंडरवर पडू द्यायचा आणि काळ्याचा तुलनेने गार राहू द्यायचा.

आणि तरीही डीलरचा मोठा ग्राइंडर घ्यायचाच असेल, तर शोरूममध्ये एक-दोन शॉट पिऊन ठरवू नका. गार ग्राइंडरवर दोन शॉट सगळ्यांचेच चांगले येतात. तुमचे स्वतःचे दोन-तीन किलो बीन्स घेऊन जा आणि मिनिटाला एक या गतीने पंचवीस-तीस डोस सलग काढा. सुरुवातीचे तीन आणि शेवटचे तीन डोस वजन करा, पावडरीचं तापमान घ्या, आणि कॉलर न हलवता पहिला आणि शेवटचा शॉट शेजारी ठेवून चाखा. मग दहा मिनिटं ग्राइंडर बंद ठेवायला सांगा आणि आणखी एक शॉट काढा. डीलर हे करू द्यायला तयार नसेल तर दुसऱ्या डीलरकडे जा.